असलबरहुकूम नक्कल

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील जुन्या घरांच्या माळ्यांवरून, ट्रंकांच्या तळांतून आणि देवघराच्या कोनाड्यांतून निघालेली कौटुंबिक पत्रे छायाचित्रांवरून उतरवून काढण्याच्या कामी ज्या स्वयंसेवक बंधुभगिनींनी आपली नावे नोंदविली आहेत, त्यांच्याकरिता नियमांचे एक छोटेखानी टिपण तयार करावे, असा ठराव मागील सभेत सर्वानुमते संमत झाला. आणि माझा पूर्वेतिहास ठाऊक असलेल्या कोणा चाणाक्ष सभासदाने वृत्तान्तातील ‘छोटेखानी’ हा शब्द तांबड्या शाईने अधोरेखित करून तो कागद मजकडे रवाना केला. त्या तांबड्या रेघेचा आदर राखूनच मी हे लिहीत आहे. मात्र ज्याचे आयुष्य सरकारी कचेरीत गेले, त्याच्या लेखी छोटे टिपण म्हणजे ज्याच्या शेवटी ‘सोबत परिशिष्टे अ ते ज्ञ’ अशी ओळ नसते ते, हेही सभासदांनी ध्यानी घ्यावे.

नियमांची गरज का पडली, ते प्रथम सांगतो. आपल्या स्वयंसेवकांत तीन जातींची माणसे प्रामुख्याने आहेत: निवृत्त शिक्षक, निवृत्त बँक-कर्मचारी आणि महाविद्यालयातील विद्यार्थी. पैकी शिक्षकांना चुकीचे लेखन डोळ्यांसमोर जिवंत राहू देणे अशक्य होते, बँकवाल्यांना न जुळणारी बेरीज पाहून अन्न गोड लागत नाही, आणि विद्यार्थ्यांना ज्या गोष्टीचा अर्थ लागत नाही ती गोष्ट अनावश्यक वाटते. हे तिन्ही स्वभाव आपापल्या ठिकाणी भूषणावह असले, तरी नक्कलनविसाच्या अंगी ते एकत्र आले म्हणजे मूळ पत्राचे काय होते, हे पहिल्या हप्त्यातील नकला तपासताना दृष्टीस पडले. जुन्या दफ्तरांत नकलेला एक सुंदर विशेषण लावीत असत: असलबरहुकूम. असलाच्या हुकुमाप्रमाणे, म्हणजे असल कागद जे सांगेल ते, तसे आणि तेवढेच. येथे हुकूम कागदाचा चालतो. तुमच्या व्याकरणाचा, हिशेबाचा अगर तर्कबुद्धीचा चालत नाही. पुढील सर्व कलमे या एकाच कलमाची पोटकलमे समजावीत.

प्रथम छायाचित्राविषयी, थोडक्यात. पत्राच्या प्रत्येक बाजूचे वेगळे चित्र घ्यावे, कोरी बाजूही सोडू नये, आणि चित्रे व्हॉट्सअॅपवर साधी न पाठविता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावीत. कारण साध्या मार्गाने गेलेले चित्र वाटेत इतके रोडावते की, टाकाच्या बारीक अनुस्वारांपैकी निम्मे प्रवासातच गळतात, आणि शिवाय त्याचे मूळ नाव जाऊन त्याला `IMG-20240114-WA0007.jpg` असे नाव मिळते, ज्यावरून ते कोणत्या घरचे हे साक्षात् ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. आपल्या नावांची रीत `KLY-014-02-b.jpg` अशी आहे: कल्याणचे, चौदाव्या घराच्या जुडग्यातील, दुसरे पत्र, मागील बाजू. घडीवरची किंवा पुसट झालेली ओळ वाचता येत नसेल, तर डोळे बारीक करून उपयोग होत नाही. घरधन्यास विनंती करून, प्रकाश एका कुशीने कागदावर तिरपा पडेल असे दुसरे चित्र मागवावे. टाकाने अगर पेन्सिलीने कागद दाबला गेलेला असतो, आणि शाई उडाली तरी तो दाब तिरप्या उजेडात पुष्कळदा दिसतो.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे अनुस्वाराकडे, वळतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, आणि त्यांनी ज्या अनुस्वारांचा उच्चार होत नाही त्यांना पेन्शनीत काढले. त्यापूर्वीच्या पत्रांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘ठाणें’, ‘पुणें’ असे अनुस्वार जागोजागी आपल्या हुद्द्यावर रुजू आहेत. आपले शिक्षक-स्वयंसेवक त्यांना वेचून काढतात, आणि ज्यांच्या हातून एखादा निसटतो, त्यांच्या मोबाइलवरील कळफलक तो निमूटपणे काढून टाकतो. सबब या कामापुरती शब्द सुचविण्याची आणि सुधारण्याची सोय कळफलकावर बंद ठेवावी. एवढ्याशा टिंबाने काय बिघडते, असे एका सभासदांनी मला कळकळीने विचारले. त्याचे उत्तर म्हणून एक प्रकरण सविस्तर देतो.

कल्याणच्या एका घरातील पत्रात, कोकणातल्या आपल्या थोरल्या जावेस लिहिताना एका बाईंनी लिहिले आहे: ‘तें परवां आलें. आल्यापासून कांहीं खात नाहीं. नुसतें दाराशीं उभें राहतें व कोणी जवळ गेलें कीं लाथा झाडतें.’ पहिल्या नकलनविसाने सर्व अनुस्वार काढले. मग वाक्य झाले ‘ते परवा आले’; आणि ‘ते’ म्हटल्यावर क्रियापद आदरार्थी हवे, हे ध्यानी येऊन दुसऱ्या तपासनिसाने ‘खात नाही’चे ‘खात नाहीत’, ‘राहते’चे ‘राहतात’ आणि ‘झाडते’चे ‘झाडतात’ केले. तिसऱ्या टप्प्यावर, ज्यांच्याकडे घराण्याच्या वंशावळीचे काम आहे त्या सद्गृहस्थांनी शेरा मारला की, हे बहुधा सासऱ्यांचे वडील बंधू असावेत, प्रकृतीने अशक्त आणि स्वभावाने तापट. वस्तुतः त्याच जुडग्यातील आधीच्या कार्डावर, दूधदुभत्याची अडचण सांगून एक गाय आणि तिचे वासरूं पाठवून देण्याविषयी स्पष्ट लिहिलेले होते. टिंब राहिले असते, तर ‘तें’ म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन हे पाहताक्षणी उमगले असते. टिंब गेल्याबरोबर त्या वासराला वंशवृक्षावर एक फांदी आणि कपाळी एक तिरसट स्वभाव मिळाला. तेव्हा ‘तें’ आणि ‘ते’, ‘मुलें’ आणि ‘मुले’, ‘घरीं’ आणि ‘घरी’ यांत जे असलावर असेल तेच नकलेत राहील. अनुस्वारावरून पत्राचे साल ठरविण्याचा मोह मात्र आवरावा. कारण १९६२ नंतरही जुन्या पिढीतील माणसांनी आपले अनुस्वार सोडले नाहीत, आणि पुष्कळांनी ते अखेरपर्यंत बरोबर नेले.

हेच ऱ्हस्व-दीर्घाविषयी, आणि हेच अशुद्ध शब्दांविषयी. आजीने ‘आशिर्वाद’ लिहिले असेल, तर तो आशीर्वाद कमी फलदायी होता असा पुरावा कोठेही नाही. तो तसाच उतरवावा. त्यापुढे कंसात उद्गारचिन्ह घालण्याची जी पद्धत दोघा-तिघांनी सुरू केली आहे, ती ताबडतोब बंद व्हावी, कारण आजींच्या पत्रात उद्गारचिन्हे घालण्याचा अधिकार आजींचा आहे. संक्षेपही फोडू नयेत. ‘कृ. सा. न. वि. वि.’ हे ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असे पूर्ण लिहून काढल्याने वाचकाची सोय होते हे खरे. पण पत्र लिहिणाऱ्याने थोरल्या मामांना पूर्ण साष्टांग घातला होता आणि धाकट्या मामांना केवळ आद्याक्षरांवर वाटेला लावले होते, हा त्या घरातील महत्त्वाचा राजकीय तपशील सोयीच्या पायी नाहीसा होतो.

आपल्याला स्वतः काही सांगावयाचे असेल, तर ते केवळ चौकोनी कंसात सांगावे. गोल कंस पत्र लिहिणाऱ्याचे, चौकोनी आपले. ही सरहद्द कोणी ओलांडू नये. अक्षर संशयित असेल तर शब्दापुढे [?], मुळीच लागत नसेल तर [अवाच्य], कागद गेलेला असेल तर [फाटले], आणि खोडलेले वाचता येत असेल तर [खोडलेले: …] एवढी चारच चिन्हे पुरेत. शिलालेख आणि पपायरसावरील ग्रीक-लॅटिन मजकूर छापणाऱ्या विद्वानांनी १९३१ साली हॉलंडात लायडन येथे जमून अशाच कंसांविषयी करार केला. तोपर्यंत एकाचा कंस दुसऱ्यास कळत नव्हता, आणि संपादकाने पदरचे घातलेले अक्षर कोणते व दगडावरचे कोणते याचा पत्ता लागत नव्हता. विद्वानांना एवढा खटाटोप करावा लागला, यावरून आपल्या मंडळींनी स्वतःला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र एका स्वयंसेवकाने [अवाच्य] याऐवजी [अश्लील?] असे लिहिले आहे, ते कशाच्या आधारावर, याचा खुलासा त्यांनी समक्ष भेटीत करावा.

येथवर वाचून कोणी असा समज करून घेईल की, नक्कल करणाऱ्याने आपली बुद्धी दाराबाहेर चपलांशेजारी ठेवून बसावे. तसे मुळीच नाही. अक्षर ओळखण्याच्या कामी तिची पदोपदी गरज आहे. ओळखून झाल्यावर ते दुरुस्त करण्याच्या कामी मात्र तिला रजा द्यावी. जुन्या हस्ताक्षरातील ‘ख’ पाहा. पुष्कळांच्या हातचा ‘ख’ हा ‘र’ आणि ‘व’ शेजारी उभे केल्यासारखा असतो, आणि छापील ‘ख’वर वाढलेल्या तरुण मंडळींची तेथे दोन्ही बाजूंनी फसगत होते. ‘आंब्यांची पेटी काल खाना केली’ असे एका नकलेत आले आहे. पेटी रवाना केली होती, आणि ती खाल्ली असती तरी लाकडासकट कोणी खात नाही, एवढा विचार टंकन करताना करण्यास हरकत नव्हती. उलट दुसऱ्या नकलेत ‘दारवल’ असा शब्द आढळला आणि त्यापुढे [बोलीभाषा?] अशी टीप होती, मुलाला शाळेत ‘दाखल’ केले, इतकाच मजकूर होता. अशा वेळी करावयाचे ते एवढेच की, त्याच माणसाच्या हातचा, ज्याविषयी शंका नाही असा ‘ख’ त्याच पत्रात शोधावा, ‘लेखक’, ‘सुखरूप’, ‘तारीख’ असे शब्द बहुधा कोठेतरी सापडतातच, आणि त्याच्याशी संशयित अक्षर ताडून पाहावे. छापील पुस्तकातील ‘ख’ येथे साक्षीदार म्हणून ग्राह्य नाही.

आता आकडे. येथे बँकवाल्या मित्रांनी खुर्ची जरा पुढे ओढून घ्यावी. डोंबिवलीच्या पत्त्यावर आलेल्या एका पोस्टकार्डाच्या नकलेत ‘तांदूळ ५११ पायली पाठवीत आहे’ असे वाक्य आहे. पायली म्हणजे चार शेर. स्टेशनजवळच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पाचशे अकरा पायली तांदूळ उतरविले असते, तर बिऱ्हाडकरूंना बाहेर निजावे लागले असते. असलावर आकडा आहे तो ‘५।।’ असा: पाच, आणि पुढे दोन उभ्या रेघा, म्हणजे साडेपाच. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. सव्वा पाच ‘५।’, पावणेसहा ‘५।।।’. या रेघा अंकाहून किंचित आखूड असतात आणि ‘१’ला जो डोक्याशी वळसा असतो तो त्यांना नसतो, पण टाकाचा हात घाईचा असला म्हणजे ही खूण दगा देते, आणि अशा वेळी हिशेबच साक्षीस बोलवावा लागतो. त्याच कार्डावर पुढे म्हटले आहे की, दर पायलीस ८ आणे, एकूण रु. २।।। झाले. साडेपाच पायली, दर आठ आणे, म्हणजे चव्वेचाळीस आणे. सोळा आण्यांचा रुपया धरून दोन रुपये बारा आणे, म्हणजेच पावणेतीन. हिशेब जुळला, सबब वाचन बरोबर. पाचशे अकरा पायली असती, तर रुपये दोनशे साडेपंचावन्न झाले असते, आणि तेवढ्या रकमेची गोष्ट कोणी पोस्टमनसकट सर्वांना वाचता येईल अशा उघड्या कार्डावर लिहीत नसतो.

या ठिकाणी नक्कल संपते, आणि येथेच एका मित्राची सुधारणा सुरू झाली: त्यांनी ‘२।।।’ खोडून ‘२.७५’ केले. पंचाहत्तर पैसे ही वस्तू त्या काळी जन्मास आलेली नव्हती. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. तत्पूर्वी रुपयाचे पैसे चौसष्ट आणि पै एकशे ब्याण्णव. नकलेत ‘२।।।’ राहील, आणि ज्यांना रुपये-पैशांत पाहिल्याशिवाय झोप येत नाही, त्यांच्यासाठी शेजारी टिपेचा रकाना मोकळा ठेवला आहे. लिहिताना ‘।’ हे चिन्ह एकेक करून टंकावे, इंग्रजी ‘१’ अगर ‘एल’ वापरू नये. आणि दोन रेघांच्या जागी ‘॥’ हे जोडचिन्हही घालू नये, कारण त्या जोडचिन्हाकडे आधीच बरीच खाती आहेत. ‘॥ श्री ॥’ मध्ये ते मंगलाचरण करते, ओवीच्या शेवटी पूर्णविराम होते, आणि ‘शु॥’ व ‘व॥’ मध्ये शुद्ध व वद्य या शब्दांची उरलेली अक्षरे गिळून बसते. बिचाऱ्या पंचमीस त्यामुळे ‘साडे’ची जोड मिळालेली एका नकलेत पाहिली: ‘मार्गशीर्ष व॥ ५’ याचे वाचन ‘मार्गशीर्ष व साडेपाच’ असे करण्यात आले होते.

तिथी आल्याच आहेत तर त्यांचेही सांगून टाकतो. पत्रावर ‘मार्गशीर्ष व॥ ५ भृगुवार’ असेल, तर नकलेत तेच राहील. त्याचे इंग्रजी तारखेत रूपांतर टिपेच्या रकान्यात, आणि तेही स्वतःच्या अंदाजाने नव्हे. भृगुवार म्हणजे शुक्रवार, मंदवार म्हणजे शनिवार, भौमवार म्हणजे मंगळवार. एवढे पाठ असावे. शके दिलेला असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत अठ्ठ्याहत्तर आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत एकोणऐंशी मिळवावे लागतात, आणि पौष महिना या दोन वर्षांच्या उंबरठ्यावर पाय ठेवून उभा असल्यामुळे तेथे पंचांग पाहिल्याखेरीज बोलू नये. शके दिलेलाच नसेल, तर कोणत्या वर्षी ती तिथी त्या वारी आली, हे जुनी पंचांगे काढून पाहिले म्हणजे काही वर्षे गळतात आणि थोडी उरतात. उरलेल्यांत निवड करण्यास कार्डावरचे छापील तिकीट उपयोगी पडते. मात्र राजाचे मुखवटे असलेली कार्डे राजा गेल्यावरही लोकांनी खणात जपून ठेवली आणि वापरली, तेव्हा तिकीट ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सांगते, ‘याच्या नंतरचे नाही’ असे सांगत नाही. तसेच पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचे नव्हे. नसेल, तर त्यावरून काहीच निघत नाही. आमच्या कित्येक वडीलधाऱ्यांनी डोंबिवलीचा ४२१२०१ हा आकडा कधी मनावर घेतलाच नाही, आणि ‘मु. पो. डोंबिवली, ता. कल्याण, जि. ठाणें’ एवढ्या भांडवलावर त्यांची पत्रे बिनदिक्कत पोचत राहिली.

विद्यार्थी मित्रांची एक सवय येथे नमूद करणे प्राप्त आहे. पत्राचा शेवट आला म्हणजे, ‘ती. बाबांस सा. न., सौ. काकूस सा. न., चि. बाळास अनेक आशीर्वाद’ अशी जी नमस्कारांची यादी लागते, तिच्या जागी ते [नेहमीचे नमस्कार] एवढे लिहून मोकळे होतात. ही यादी म्हणजे घराची खानेसुमारी आहे. कोणाला नमस्कार व कोणाला आशीर्वाद, यावरून वय आणि नाते कळते. एका पत्रात जिचे नाव आहे ती पुढच्यात नसली म्हणजे काही घडले आहे हे कळते. आणि एका घरच्या जुडग्यात तर तारीख नसलेली कित्येक पत्रे केवळ या यादीवरून ओळीने लावता आली. त्यांत एका पत्रापर्यंत ‘सौ. मामीस’ आहे आणि पुढील पत्रापासून ‘गं. भा. मामीस’ आहे. मामा कधी वारले हे कोणीही कोठेही लिहिलेले नव्हते. त्या दोन कार्डांच्या मधल्या काळात, एवढे आता सांगता येते. ते दुसरे कार्ड उतरविणाऱ्या विद्यार्थिनीने यादी गाळली नव्हती म्हणून हे साधले, आणि याबद्दल तिचे नाव पुढील सभेत घेतले जाईल.

काय महत्त्वाचे आणि काय क्षुल्लक, हे ठरविणे नकलनविसाच्या कामात येत नाही, कारण ते लिहिणाऱ्यालाही ठरविता येत नसते. एकेकाळी कल्याणच्या टपालकचेरीत कारकुनी केलेल्या गोपाळराव जोश्यांनी, पत्नीच्या शिक्षणाची काही सोय अमेरिकेत होईल का, म्हणून एका मिशनरी गृहस्थांना पत्र पाठविले. ते तिकडच्या एका मासिकात छापले गेले, तो अंक न्यू जर्सीकडच्या कार्पेंटरबाईंच्या हाती दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना पडला, आणि त्यातून पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या. दाढदुखीच्या भरवशावर पत्राचे महत्त्व कोण ठरविणार?

जागेच्या क्रमाविषयी एक सूचना. आपल्या पूर्वजांनी पोस्टकार्डाची किंमत पुरेपूर वसूल केली. १८७९ साली पाव आण्यात कार्ड मिळू लागले तेव्हापासून, ओळी संपल्या की समासात, समास संपला की मंगलाचरणाच्या डोक्यावर उलटे, आणि तेथेही जागा सरली की पत्त्याच्या बाजूस जिल्ह्याच्या नावाखाली, असा मजकूर घड्याळाच्या काट्यासारखा कार्डाभोवती फिरत जातो. १९५० पासून आलेल्या आंतर्देशीय पत्रांत तर घडी घालून चिकटवायच्या पट्टीवरही वाक्य संपविलेले असते, आणि पत्र फोडताना ते हमखास फाटते. नक्कल करताना प्रत्येक तुकडा कोठे होता ते [डावा समास, उभा], [वर, उलटा] असे नोंदवून मगच पुढे जावे, आणि तुकडे जोडून सलग उतारा तयार करू नये. कारण ‘तिची प्रकृती आता’ हे खाली आणि ‘अगदी वाया गेली’ हे समासात, असे दिसल्याने जे वाक्य तुम्ही जोडता, त्यातील दुसरा भाग पुष्कळदा लोणच्याविषयी असतो. ओळ जेथे मोडली तेथेच नकलेतही मोडावी, म्हणजे रुजवात घेणाऱ्याचे बोट हरवत नाही.

मोडीतील पत्रे आली, तर ती बाजूला काढून मोडीवाल्या मंडळींकडे द्यावीत. मोडी शिकण्याची इच्छा स्तुत्य आहे, परंतु शिकत असताना दुसऱ्याच्या पणजोबांवर हात बसवू नये. मोडीत शब्द सुटे नसतात, इकार आणि उकार यांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, तेव्हा बाळबोधात उतरविताना ही निवड वाचणाऱ्यानेच करावयाची असते. म्हणून अशा नकलेच्या माथ्यावर ‘मोडीवरून’ असे अवश्य लिहावे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली आपल्या ‘साधनां’चा पहिला खंड काढला, तो पानिपतापर्यंतच्या वर्षांतील अशाच कागदांचा होता. त्या पानिपताची वार्ता एका सावकाराने मोती आणि मोहरा गळाल्याच्या भाषेत कळविली, असे सांगतात. आपले उत्साही तपासनीस त्या काळी असते, तर त्यांनी ‘मोती’ खोडून तेथे नावे घातली असती आणि कंसात [रूपक] असे लिहिले असते.

एक तांत्रिक कलम. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील अर्धा र टंकण्याच्या दोन रीती आहेत: एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त जोडून मध्ये एक अदृश्य चिन्ह घातले जाते. पडद्यावर दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात, पण शोध घेताना संगणक एकाला ओळखतो आणि दुसऱ्याला घराबाहेर उभा ठेवतो. आपण पहिली रीत ठरविली आहे. डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलमध्ये उभ्याने टंकन करणाऱ्यांना अंगठ्याखाली कोणती कळ आली हे कळणे शक्य नसते, याची मला जाणीव आहे. आणि म्हणूनच लोकलमध्ये नक्कल करू नये, असा वेगळा नियम करीत आहे. तेथे दोन्ही हात दुसऱ्या कामी लागतात.

प्रत्येक पत्राच्या दोन नकला दोघांनी एकमेकांना न विचारता कराव्यात, आणि तिसऱ्याने असलाशी रुजवात घ्यावी. पती-पत्नींनी एकच पत्र घेऊ नये. त्यांच्या नकला फार लवकर जुळतात, किंवा कधीच जुळत नाहीत. जेथे दोन वाचने भिन्न असतील तेथे मताधिक्याने निर्णय लावू नये, तर चित्र मोठे करून पाहावे, आणि तरीही न मिटल्यास दोन्ही वाचने चौकोनी कंसात ठेवून पुढे जावे. पत्रांत हुंडा, क्षय, वाटणीचे भांडण, मुलगी पाहून गेलेल्या मंडळींविषयीची मते असा मजकूर असतो, आणि त्या मतांतील मुलगी आज आजी होऊन तुमच्याच आळीत राहत असण्याचा संभव असतो. म्हणून घरच्यांच्या लेखी संमतीवाचून कोणताही उतारा बाहेर जाऊ नये. कागद ज्याच्या घरी आहे तो कागदाचा मालक, शब्दांचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा, हा कायद्याचा भेदही लक्षात असू द्यावा. संमती मिळाली नाही, तरी नक्कल पूर्णच करावी. झाकायचे ते बाहेर द्यायच्या प्रतीत झाकावे, मूळ नकलेत नव्हे.

शेवटी नकलेखाली आपले नाव आणि तारीख घालावी, म्हणजे पुढे जाब कोणाला विचारावयाचा हे कळेल.

ता. क. – छायाचित्र काढताना कागद सपाट धरण्यासाठी कडेला लावलेला अंगठा चित्रात येऊ देऊ नये. ठाण्याच्या एका पत्राच्या नकलेत, मजकुराच्या शेवटी, ‘[निशाणी डाव्या हाताचा अंगठा]’ अशी नोंद आली आहे, आणि त्यावरून पत्र लिहिणारे गृहस्थ निरक्षर होते, असा निष्कर्षही काढण्यात आला आहे. सदर अंगठा आमच्या छायाचित्रकार मित्राचा असून तो पदवीधर आहे.